दलालीचा आकडा दोघांसमोर

वडगाव बुद्रुकच्या एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट विकायचा होता. मालक निवृत्त शिक्षक, मुलाकडे नाशिकला राहायला निघालेले. फ्लॅट बघून झाला, चहा झाला, मग त्यांनी विचारलं, "तुमचं किती?"

"एक टक्का, काका."

"म्हणजे लाखाला हजार. आणि घेणाऱ्याकडून किती घेणार?"

पुण्यात जुन्या घरांच्या खरेदी-विक्रीची कामं करताना मला 19 वर्षं झाली. "तुमचं किती" हे प्रत्येक जण विचारतो. "समोरच्याकडून किती" हे विचारणारे बोटांवर मोजण्याइतके भेटले. माझ्या मते दलालीबद्दल विचारायचा खरा प्रश्न हाच आहे. कुणी तो विचारेल याची वाट न बघता दलालाने त्याचं उत्तर दोन्ही बाजूंना स्वतःहून सांगावं, रुपयांत सांगावं आणि लिहून द्यावं. मी आणखी एक पाऊल पुढे जाईन. हा आकडा घराच्या नोंदणीकृत करारनाम्यातच आला पाहिजे, असा नियम सरकारने करावा.

पुण्यात जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात साधारण एक ते दोन टक्के दलाली चालते आणि ती बहुतेक वेळा दोन्ही बाजूंकडून घेतली जाते. मुंबईत दोन टक्के सर्रास ऐकू येतात. हे दर कुठल्याही कायद्याने ठरवलेले नाहीत, बाजारात रुळले आहेत इतकंच. 2016 चा रेरा कायदा आला तेव्हा पुष्कळांना वाटलं होतं की आता दलालीलाही मर्यादा येईल. तसं झालं नाही. त्या कायद्याने एजंटाला नोंदणी सक्तीची केली. पुढे 2023 मध्ये महारेराने प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. पण ही सगळी बंधनं रेरात नोंदलेल्या प्रकल्पातली, बिल्डर स्वतः विकत असलेली घरं विकून देणाऱ्या एजंटांसाठी आहेत. काकांचा फ्लॅट त्यांनी 2006 साली घेतलेला. तो विकून देणाऱ्याकडे रेराचा नंबर असलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. म्हणजे ज्या व्यवहारात समोर दोन साधी माणसं असतात, एकाने आयुष्याची कमाई घरात घातलेली असते आणि दुसरा वीस वर्षांचं कर्ज काढणार असतो, त्याच व्यवहारात मधल्या माणसावर सगळ्यात कमी देखरेख आहे.

काकांना मी सांगितलं, "घेणाऱ्याकडूनही एक टक्का घेणार. आणि तुम्ही मला किती देताय, ते त्यालाही सांगणार." माझ्याकडे कार्बन लावून लिहायची साधी वही असते. त्यावर मी दोन ओळी लिहिल्या. अंदाजे 76 लाखांना फ्लॅट गेला, तर विकणाऱ्याकडून 76,000 आणि घेणाऱ्याकडून 76,000, दोन्हीवर 18 टक्के जीएसटी वेगळा. काकांनी चष्मा लावून आकडा वाचला आणि म्हणाले, "एक टक्का ऐकायला बरा वाटतो हो. शहात्तर हजार म्हटलं की कळतं."

टक्का न सांगता रुपये सांगायचे ते याचसाठी. लाखांच्या गप्पांमध्ये एक टक्का कानाला लागत नाही. तोच आकडा महिन्याच्या पेन्शनच्या शेजारी ठेवला की त्याचं वजन कळतं. जीएसटीचंही तसंच. 76,000 वर 13,680 होतात आणि देय रक्कम 89,680 होते. हे शेवटच्या दिवशी बिलातच पहिल्यांदा दिसलं, की माणूस म्हणतो "हे आधी बोलला नव्हतात", आणि तो बरोबर असतो. एजंटाची जीएसटी नोंदणी नसेल तर त्याला हा कर घेताच येत नाही. म्हणून "अधिक जीएसटी" असं कुणी म्हणालं की त्याचा नंबर मागून घ्यावा.

काकांना फ्लॅटचे 80 लाख हवे होते. त्यांच्या आणि शेजारच्या दोन सोसायट्यांमधल्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स टूचे, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या नोंदींचे, उतारे मी काढून नेले होते. तशा आकाराचे फ्लॅट 73 ते 77 लाखांना गेले होते. ते बघून काका म्हणाले, "पण तुम्ही टक्क्यावर काम करता. जास्त किंमत आली तर तुमचाही फायदाच की."

विकणाऱ्या प्रत्येकाची ही समजूत असते आणि बहुतेक दलाल ती तशीच राहू देतात. मी वहीत पुढचा हिशेब मांडला. फ्लॅट 76 ऐवजी 80 लाखांना गेला तर काकांना चार लाख जास्त मिळतील. मला काकांकडून 4,000 आणि घेणाऱ्याकडून 4,000, असे 8,000 जास्त मिळतील. पण त्या चार लाखांसाठी ताणून धरताना सौदाच मोडला, तर माझे 1,52,000 जातील. आठ हजारांसाठी दीड लाखावर पाणी सोडायला कोण तयार होईल? म्हणजे टक्केवारीमुळे मला किंमत वाढवायचा मोह होत नाही, सौदा लवकर उरकायचा होतो. काकांना मी हे याच शब्दांत सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही मला खाली यायला लावणार."

"तो मोह मला असतो, काका. म्हणूनच हे उतारे तुमच्या हातात देऊन जातोय. मी उद्या खाली या म्हणालो, तर हे बघून ठरवा."

दलालीचं समर्थन करताना आमच्यातले बरेच जण "आम्ही तुमच्यासाठी भांडतो" असं म्हणतात. दोन्हीकडून पैसे घेणारा माणूस किमतीसाठी कुणाच्याच बाजूने भांडू शकत नाही, हे साधं गणित आहे. तो गाठ घालून देतो, कागद तपासतो, गैरसमज मिटवतो, बँकेत आणि नोंदणी कार्यालयात सोबत येतो. या कामांची किंमत आहे आणि ती मिळायलाच हवी. पण जे आपण करत नाही त्याचे पैसे मागू नयेत.

घेणाऱ्या बाजूला मी जे जोडपं आणलं त्यातला नवरा चाकणला कारखान्यात, बायको एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. फ्लॅट दोघांना आवडला. दलालीचा कागद हातात दिला तेव्हा ताईंनी थेट विचारलं, "घर काकांचं, विकायचंय काकांना, तुम्हाला बोलावलं काकांनी. मग आम्ही का द्यायचे?"

याला "मार्केटमध्ये असंच चालतं" हे उत्तर दिलं जातं. ते उत्तरच नव्हे. दलालाने घेणाऱ्यासाठी फक्त कुलूप उघडून फ्लॅट दाखवला असेल, तर घेणाऱ्याने एक रुपयाही देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो विकणाऱ्याच्या जाहिरातीचाच भाग झाला. घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे तर घेणाऱ्याचं म्हणून वेगळं काम दाखवता आलं पाहिजे. ताईंना मी ते लिहूनच दिलं होतं. काकांच्या आधीच्या मालकापासूनचे करारनामे सलग आहेत का बघणं, भोगवटापत्र मिळवणं, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचा दाखला, मिळकतकराच्या पावत्या, बँकेला लागणाऱ्या कागदांचा संच. वकिलाचा सर्च रिपोर्ट यात येत नाही, त्याची फी वेगळी, आणि मी वकिलाची जागा घेत नाही, हेही त्यात होतं.

या तपासणीत एक गोष्ट निघाली. काकांनी घरासाठी काढलेलं कर्ज 2018 मध्ये फिटलं होतं, बँकेचं पत्रही घरी होतं, पण ते सोसायटीला दिलंच नव्हतं. त्यामुळे सोसायटीच्या दप्तरात फ्लॅटवर बँकेचा बोजा तसाच दिसत होता. हे राहिलं असतं तर ताईंच्या बँकेने कर्ज मंजूर करूनही चेक अडवला असता. पत्र देऊन, कमिटीच्या बैठकीत तो बोजा कमी करून घ्यायला दोन आठवडे लागले. ताईंना मी 76,000 कशाचे घेतोय हे त्या दोन आठवड्यांत दिसलं.

दुसरी गोष्ट मुद्रांक शुल्काची. पुणे महापालिका हद्दीत सगळे अधिभार धरून ते सात टक्के पडतं, आणि घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत मिळते. नवराबायको दोघांच्या नावावर घेतलं तर 5,32,000, एकट्या ताईंच्या नावावर घेतलं तर 4,56,000. (सरकारी मूल्यांकन 76 लाखांच्या खाली होतं, म्हणून हिशेब करारातल्या किमतीवर.) फरक नेमका 76,000 चा, माझ्या दलालीइतकाच. मी फक्त आकडे समोर ठेवले, नाव कुणाचं लावायचं हे घरात ठरवायचं असतं. त्यांनी ताईंचं लावलं.

काकाही मला 76,000 देणार आहेत हे कागदावर वाचल्यावर ताई म्हणाल्या, "म्हणजे दोघांकडून मिळून दीड लाख. मग तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"किमतीच्या बाबतीत कुणाच्याच नाही. म्हणून तुम्ही शेवटी किती लाखांपर्यंत जाल, ते मला सांगू नका. काकांनाही मी हेच सांगितलंय."

ही सवय मला फार उशिरा लागली, पण आता मी ती सोडत नाही. दोघांचे शेवटचे आकडे ज्याला माहीत असतात, तो माणूस कितीही सज्जन असला तरी बोलताना त्याच्या तोंडून ते निसटतात. "जरा वर या, होईल" असं तो म्हणाला की समोरच्याला कळतं की खाली अजून जागा आहे. त्यापेक्षा मी दोघांना एका टेबलाशी बसवतो. काकांच्या घरी पाऊण तास बोलणं झालं, काका 80 वरून आणि ताई 74 वरून निघाले, आणि 76 वर थांबले. गॅसच्या शेगडीपासून बेडरूमच्या कपाटापर्यंत काय ठेवायचं तेही तिथेच ठरलं. टोकनचा एक लाखाचा चेक थेट काकांच्या नावाने दिला. टोकन दलालाच्या खात्यात कधीच जाऊ नये.

आता ज्या गोष्टीमुळे मला हा लेख लिहावासा वाटला, ती सांगतो. आमच्या धंद्यात "नेट" नावाचा एक प्रकार आहे. एजंट मालकाला म्हणतो, "तुमच्या हातात इतके नक्की पडतील, दलाली द्यायची नाही, वरचं माझं." मालक खूश होतो, कारण त्याला वाटतं दलाली वाचली.

काही वर्षांपूर्वी मी दुय्यम निबंधक कार्यालयात माझ्या एका व्यवहाराचा नंबर यायची वाट बघत बसलो होतो. त्याच बाकावर दुसऱ्या एका व्यवहारातले दोघे होते, धायरीचा फ्लॅट, देणारा आणि घेणारा पहिल्यांदाच निवांत शेजारी बसलेले. त्यांचा एजंट झेरॉक्स काढायला खाली गेला होता. घेणाऱ्याने सहज विचारलं, "ते रोखीचे तीन लाख पोचले ना तुम्हाला?" देणारा म्हणाला, "कुठले तीन लाख?" मालकाला 52 लाख नेट सांगितलेले, घेणाऱ्याला 55 सांगितलेले, आणि "मालकाला तेवढे रोख हवेत" म्हणून वरचे तीन एजंटाने आधीच घेतलेले. एजंट वर आला तेव्हा त्या दोघांचे चेहरे मी पाहिले आहेत. त्या दिवशी नोंदणी झाली नाही. घेणाऱ्याची बायको बाहेरच्या पायऱ्यांवर बसून रडत होती, कारण त्या तीन लाखांत तिच्या बांगड्या होत्या.

ज्या मालकाने दलाली वाचवली म्हणून समाधान मानलं, त्याच्या व्यवहारातून जवळजवळ पावणेसहा टक्के गेले होते. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 216 सांगतं की एजंटाने मालकाला न कळवता त्याच्याच कामात स्वतःसाठी व्यवहार केला, तर त्यातून झालेला फायदा मालकाला मागता येतो. पण "वरचं तुमचं" याला मालकाने होकार दिलेला असेल, तर मला अंधारात ठेवलं हे सिद्ध करणं त्यालाच जड जातं. घेणारा तर रोखीत अडकलेला असतो. जमीन-घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, त्यामुळे तक्रार करायला जायचं तर आधी आपणच काय केलं ते सांगावं लागतं.

हे चाललंय की नाही ते ओळखता येतं. एजंट दोघांना भेटू देत नाही, किंवा भेटवतो पण "किमतीचं तेवढं बोलू नका, बिघडेल" असं बजावतो. मालकाला टक्का न सांगता "हातात किती हवेत" असं विचारतो. रोख रक्कम मालकाला थेट न देता त्याच्यामार्फत द्यायला लावतो. यातली एक जरी खूण दिसली तरी समोरच्या पार्टीला स्वतः फोन लावावा. नेट पद्धतीवर सरळ बंदी घालावी, याबद्दल माझ्या मनात दुमत नाही.

दलाली कधी द्यायची यावरूनही भांडणं होतात. टोकन झालं की पूर्ण दलाली मागणारे पुष्कळ आहेत. करार कायद्याचं कलम 219 याबाबत साफ आहे. वेगळं काही ठरलेलं नसेल, तर ज्या कामासाठी एजंट नेमला ते पूर्ण झाल्याशिवाय त्याचा मोबदला देय होत नाही. टोकन म्हणजे काम पूर्ण नव्हे. त्यानंतर बँक कर्ज नाकारू शकते, वारसांपैकी कुणी हरकत घेऊ शकतं, सोसायटी अडवू शकते. माझ्या कागदात असं लिहिलेलं असतं की करारनाम्याची नोंदणी झाल्यावर निम्मी रक्कम आणि किल्ली हातात पडल्यावर उरलेली. नोंदणीआधी सौदा मोडला तर कुणीच काही देणं लागत नाही, माझ्या फेऱ्या माझ्याकडे. त्याचबरोबर हेही असतं की मी भेट घालून दिलेल्या माणसाशी सहा महिन्यांच्या आत परस्पर व्यवहार केला तर दलाली द्यावी लागेल. दलालाला बाजूला सारून पाठीमागे सौदा उरकणारेही आहेत, आणि त्यांच्यामुळे महिनाभर उन्हात हिंडलेल्या माणसाचं घर चालत नाही. लिहिलेलं असलं की दोन्ही गोष्टींवर बोलता येतं.

काकांना पहिल्याच दिवशी आणखी एक सांगितलं होतं, की दलाली चेकने द्या आणि माझं बिल जपून ठेवा. घर विकल्यावर भांडवली नफ्याचा हिशेब करताना विक्रीसाठी दिलेली दलाली किमतीतून वजा करता येते. काकांच्या 89,680 वर साडेबारा टक्के दराने 11,210 रुपयांचा कर वाचतो. ताईंनीही बिल ठेवावं, उद्या घर विकताना त्यांनी दिलेली दलाली खरेदीच्या खर्चात धरता येते. "बिल नको, थोडे कमी द्या" असं म्हणणाऱ्या एजंटाकडून किती सूट मिळते आणि त्यात आपलं किती जातं, हा हिशेब करून मगच होकार द्यावा.

आता सार्वजनिक प्रश्नाकडे येतो. दलालीचा दर सरकारने एक टक्क्यावर बांधून टाकावा, अशी मागणी बरेचदा ऐकू येते. मला ती पटत नाही. 22 लाखांच्या एका खोलीच्या घराला एक टक्का म्हणजे 22,000, आणि अशा घराच्या कागदांना अनेकदा दोन कोटींच्या फ्लॅटपेक्षा जास्त खेटे घालावे लागतात. मूळ मालक वारलेला, वारसनोंद नाही, सोसायटीचं अभिहस्तांतरण झालेलं नाही, म्हणजे जमीन अजून सोसायटीच्या नावावर नाही. तिथे एक टक्क्यात चांगला माणूस उभा राहणार नाही, मग उरतात ते नेटवाले. दुसरीकडे दोन कोटींच्या फ्लॅटला सरकारी एक टक्का जाहीर झाला, की आज पाऊण टक्क्यात काम करणाराही एकच मागेल, कारण वरची मर्यादा हाच दर होऊन बसतो. दर बाजारात ठरू द्यावा. लपवाछपवी मात्र बाजाराने आपोआप थांबत नाही, ती नियमानेच थांबेल.

नियम अगदी छोटा आहे. जुन्या घराच्या प्रत्येक नोंदणीकृत करारनाम्यात एक कलम असावं, "या व्यवहारात मध्यस्थ म्हणून अमुक यांनी काम पाहिले असून त्यांना लिहून देणार यांनी रुपये इतके व लिहून घेणार यांनी रुपये इतके मोबदला द्यावयाचा आहे. याव्यतिरिक्त मध्यस्थाने कोणतीही रक्कम घेतलेली नाही." मध्यस्थ नसेल तर तसं लिहावं. मध्यस्थ दोन असतील, आपापल्या पार्टीकडून घेणारे, तर दोघांची नावं आणि दोघांचे आकडे. मध्यस्थाने त्या कलमाखाली सही करावी. त्यासाठी नवं कार्यालय किंवा नवा परवाना लागत नाही. साक्षीदार, ओळख देणारे, किंमत, चेक नंबर हे सगळं करारनाम्यात आजही लिहिलं जातंच, त्यात एका परिच्छेदाची भर.

माझ्या व्यवसायातल्या मित्रांचा आक्षेप मी ऐकला आहे. ते म्हणतात, समोरचा किती देतो हे कळलं की प्रत्येक जण आपली दलाली कमी करायला बसेल. हे खरं आहे. माझ्याबाबतीत झालंही आहे. एका घेणाऱ्याने "मालक देतोय ना, मग मी अर्धाच" असं म्हटलं आणि मी अर्ध्यावर काम केलं. पण तो हक्क त्याचा आहे. जो मोबदला दोन्ही बाजूंना सांगून टिकत नाही, तो न सांगता मिळवायचा असेल तर त्याला मी कमाई म्हणू शकत नाही. ज्याने काम केलेलं असतं त्याला घासाघीस झाली तरी पैसे मिळतात. ताईंनी माझे एक रुपयाही कमी केले नाहीत. दोन आठवडे सोसायटीच्या कमिटीपुढे कोण उभं होतं ते त्यांनी पाहिलं होतं.

काकांच्या करारनाम्यात मी हे कलम घालून घेतलं. वकील म्हणाले, आजवर कुणी सांगितलं नव्हतं, पण घालायला काही हरकत नाही. नोंदणीच्या आधी मसुदा वाचताना काकांनी ते कलम मोठ्याने वाचलं, आकडे वहीतल्या कार्बन प्रतीशी पडताळले आणि पुढच्या पानावर गेले.

रोखीने वर घेतलेले पैसे एका कलमाने पकडता येणार नाहीत, असं कुणी म्हणेल. पण धायरीच्या त्या व्यवहारात हे कलम असतं, तर मसुदा देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या हातात चार-आठ दिवस आधी आला असता. "लिहून घेणार यांनी रुपये" याच्या पुढच्या रिकाम्या जागेत काय लिहायचं, हे त्या एजंटाला तेव्हाच ठरवावं लागलं असतं. आणि दोघांनी ते नोंदणी कार्यालयाच्या बाकावर बसायच्या कितीतरी आधी, आपापल्या घरी वाचलं असतं.